प्रकल्प नोंदी: चार साइटचे भाव आणि 72 ने भागाकार

11 नोव्हेंबर 2024, सोमवार

पाडव्याला नवी वही घातली तेव्हाच ठरवले होते की सोमवारची भाव-नोंद या वर्षी संगणकाकडे सोपवायची. सांगलीच्या गणपती पेठेत आमचे पॅकिंग मालाचे ठोक दुकान आहे. टेप, स्ट्रॅपिंग पट्टी, पिशव्या, बबल रोल असा सगळा माल आम्ही ठेवतो, पण मुख्य उठाव टेपचा. तासगाव आणि सांगलीच्या बेदाणा व्यापाऱ्यांचे बॉक्स फेब्रुवारीपासून भरू लागले की 48 मिलिमीटरची टेप पेटीमागून पेटी जाते.

आतापर्यंतची पद्धत अशी होती. दर सोमवारी आप्पा (आमचे मुनीम, वडिलांच्या वेळेपासूनचे) चार पुरवठादारांचे भाव वहीत चार रकान्यांत लिहितात आणि त्या आठवड्याचा माल ज्याचा भाव सर्वांत कमी त्याच्याकडून येतो. दोन वर्षांपूर्वी चौघांच्याही साइट आल्यावर फोन कमी झाले आणि आप्पा पडद्यावरून पाहून लिहू लागले. या नोंदीत मी त्यांना अ, ब, क आणि ड म्हणेन. अ भिवंडीचा, ब अहमदाबादचा, क बेळगावचा आणि ड पुण्याजवळचा आहे.

काम सोपे वाटते. चौदा जिन्नस ठरवायचे, चार पाने उघडायची, भाव उचलायचा, साठवायचा आणि रोज एक तक्ता काढायचा. पुतणी मुक्ता पायथन शिकली आहे. तिने पहिला सांगाडा करून द्यायचा आणि पुढचे मी सांभाळायचे, असे ठरले.

14 नोव्हेंबर 2024

मुक्ताने पहिली गोष्ट बजावली ती ही की कोणत्याही साइटवरून आपोआप वाचन करण्याआधी तिची `robots.txt` ही फाइल पाहायची. साइटच्या मालकाला कोणती पाने यंत्राने वाचलेली चालतात, हे तीत लिहिलेले असते. चारही ठिकाणी जिन्नसांची पाने खुली आहेत, खात्यात शिरल्यावर दिसणारी पाने मात्र नाहीत. म्हणून आपण लॉगिन न करता जो भाव कोणालाही दिसतो तेवढाच घ्यायचा आणि दोन पानांच्या मध्ये वीस सेकंद थांबायचे. वेळ दुपारी दीडची ठेवली आहे, कारण त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नसते आणि काही अडले तर मी समोर असतो.

पहिल्याच दिवशी तक्त्यात अ-ची पेटी 2 रुपयांना आली. साइटवर भाव "₹2,016.00" असा होता, आणि आमची ओळ पहिला सलग आकडा उचलत असल्यामुळे स्वल्पविरामापाशी थांबत होती. दुरुस्ती अशी केली:

```python
def to_rupees(text):
    return float(text.replace("₹", "").replace(",", "").strip())
```

आप्पांनी पडद्याकडे पाहून "दोन रुपयांत पेटी? घ्या शंभर," एवढेच म्हटले.

19 नोव्हेंबर 2024

पाच दिवसांचे भाव जमले आणि तक्ता सांगू लागला की क सर्वांत महाग आहे. हे पटण्यासारखे नव्हते, कारण गेले वर्षभर क स्वस्त म्हणूनच बहुतेक माल त्याच्याकडून आला आहे. ब्राऊन टेपच्या 72 रोलच्या पेटीला अ-कडे 2,016, ब-कडे 2,060 आणि क-कडे 2,330.50 रुपये दिसत होते.

त्या पन्नास पैशांनीच उलगडा झाला. टेपवर 18 टक्के जीएसटी आहे. अ, ब आणि ड कर सोडून भाव दाखवतात, तर क करासह दाखवतो. 2,330.50 ला 1.18 ने भागले की बरोबर 1,975 येतात, म्हणजे क नेहमीप्रमाणे सर्वांत खाली आहे. आप्पा हा भागाकार दर सोमवारी मनातल्या मनात करत होते आणि त्यांना तो सांगण्यासारखा वाटला नव्हता. मी तो स्क्रिप्टमध्ये लिहिला आणि आधीच्या पाच दिवसांचे आकडेही सुधारून घेतले.

हे लिहून ठेवण्याचे कारण असे की पहिला आश्चर्यकारक निष्कर्ष बहुधा आपल्याच चुकीतून निघतो. यापुढे तक्त्यात काही नवलाचे दिसले तर आधी साइटचे पान स्वतः उघडून पाहायचे.

24 नोव्हेंबर 2024, रविवार

दुकान बंद, म्हणून आज मापाचे काम काढले. पेटीचा भाव खरा भाव नव्हे. लेबलवर 65 मीटर लिहिलेले असले तरी रोलमध्ये तेवढी टेप असतेच असे नाही, आणि "65 म्हणजे 60 धरा" हे आमच्या धंद्यात उघड बोलले जाते. गिऱ्हाईक रोल विकत घेतो, पण त्याचे बॉक्स मीटरने बंद होतात.

अख्खा रोल उलगडून मोजणे म्हणजे चिकट गुंता. त्यापेक्षा वजनाचा मार्ग बरा. टेपचे दहा मीटर मोजून काढायचे, बटर पेपरवर चिकटवायचे आणि कागदाचे वजन वजा करून काट्यावर ठेवायचे. काटा मसाल्याच्या दुकानातला, दशांश ग्रॅम दाखवणारा. टेप थेट ताटलीवर ठेवली तर ती चिकटते आणि पुढची सगळी वजने फसतात, हे पहिल्या रोलवर कळले. दहा मीटरचे वजन चौघांच्याही मालात 18.2 ग्रॅमच्या जवळ आले, म्हणजे जाडी सारखीच आहे. मग अख्ख्या रोलच्या वजनातून पुठ्ठ्याच्या नळीचे वजन वजा करायचे. अ-चा रोल 136.2 ग्रॅम आणि नळी 27.2, म्हणजे टेप 109 ग्रॅम, आणि त्याला 18.2 ने भागून दहाने गुणले की 59.9 मीटर. प्रत्येकाचे पाच-पाच रोल केले. ब 60, क 59.6 आणि ड 64.6 मीटर भरला.

लॉरीभाडे पेटीमागे अ 60, ब 85, क 50 आणि ड 35 रुपये पडते. हे सगळे धरले तर ड-ची 2,196 रुपयांची पेटी, जी पडद्यावर सर्वांत महाग दिसते आणि म्हणून आप्पांच्या वहीत जिला कधी खूण झाली नाही, ती मीटरला 48.0 पैशांनी पडते. अ 48.1, ब 49.7 आणि क 47.2 पैसे. पेटीच्या भावात क आणि ड यांच्यात 221 रुपयांचे अंतर आहे, तेच मीटरवर आणले की एका पैशाच्याही आत येते. तक्त्यात "मीटरला पैसे" असा रकाना वाढवला.

16 डिसेंबर 2024, सोमवार

आज तक्ता छापून आप्पांसमोर ठेवला. चार आठवड्यांत अ-ने ब्राऊन टेपचा भाव दोनदा हलवला होता. 2,016 चे 2,088 केले आणि नंतर 1,980 वर आणले. ब आणि क दोघेही दोन्ही वेळी त्याच दिशेने हलले. यात नवल काही नाही, कारण टेप जिच्यापासून बनते त्या प्लास्टिक फिल्मचा भाव वाढला की सगळेच वाढवतात. पण आप्पा म्हणाले, "बेळगाववाला अ-ची शेपूट धरून चालतोय, मी कधीपासून बघतोय. चाळीस खाली, नेहमी चाळीसच खाली."

मी अंतर काढून पाहिले. अ 2,016 असताना क 1,975, म्हणजे 41 खाली. अ 2,088 असताना क 2,045, म्हणजे 43 खाली. अ 1,980 असताना क 1,940, म्हणजे 40 खाली. अंतर स्थिर नाही, पण गुणोत्तर जवळजवळ स्थिर आहे: 0.9797, 0.9794, 0.9798. ब-चे तसेच काढले तर 1.0218, 1.0201, 1.0202. एक दोन टक्के खाली आणि दुसरा दोन टक्के वर.

उरलेला किंचित फरक पूर्ण आकडा करण्यामुळे असावा असे वाटले, म्हणून ब आणि क यांच्या चौदाही जिन्नसांचे भाव पाहिले. कर काढल्यावर सगळे पाचच्या पटीत आहेत. मग अंदाज असा लिहिला की ब अ-च्या भावाला 1.02 ने गुणून वरच्या पाचावर नेतो आणि क 0.98 ने गुणून खालच्या पाचावर आणतो.

```python
import math

def b_guess(a):
    return math.ceil(a * 1.02 / 5) * 5

def c_guess(a):
    return math.floor(a * 0.98 / 5) * 5
```

19 नोव्हेंबरपासूनच्या 28 दिवसांच्या चौदा जिन्नसांच्या 392 ओळींवर हे चालवले. 381 ओळी ब-साठीही अचूक जुळल्या आणि क-साठीही. न जुळलेल्या अकरा ओळी दोघांच्या अगदी त्याच होत्या, आणि त्या प्रत्येक ओळीत अ-चा भाव त्याच दिवशी बदललेला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे जुळत होते.

ठरवल्याप्रमाणे साइटची पाने स्वतः उघडून पाहिली. आकडे बरोबर आहेत.

21 डिसेंबर 2024

पाच दिवस या गोष्टीवर विचार केला, आणि मुक्ताशी फोनवर वादही झाला. तिचे म्हणणे असे की दोन आकडे एकत्र हलतात याचा अर्थ एक दुसऱ्याकडे पाहतो असा होत नाही. तिघेही कदाचित एकाच कारखान्याचा माल घेत असतील, कारखान्याची भावपत्रिका बदलली की तिघेही आपापला नफा लावत असतील आणि आपल्याला ते अनुकरण वाटत असेल. मापातही तिघांचे रोल साठ मीटरच्या आसपासच भरले होते, त्यामुळे तिची शंका हलकी नव्हती.

उत्तर भागाकारात मिळाले. टेपच्या धंद्यात माणूस पेटीचा भाव ठरवत नाही, रोलचा ठरवतो, आणि तोही पन्नास पैशांच्या पायरीने: साडेसत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. पेटी 72 रोलची, म्हणून माणसाने ठरवलेला पेटीचा भाव 36 च्या पटीत येतो. अ-चे 2,016 म्हणजे रोलला 28.00, 2,088 म्हणजे 29.00, 1,980 म्हणजे 27.50. ड-चे 2,196 म्हणजे 30.50. या दोघांचे भाव कोणीतरी गादीवर बसून ठरवलेले आहेत.

आता ब-चे 2,060 घ्या. त्याला 72 ने भागले की 28.61 येतात. क-चे 1,975 म्हणजे 27.43. माझ्या तीस वर्षांत रोलला सत्तावीस रुपये त्रेचाळीस पैसे असा भाव मला कोणी सांगितलेला नाही. ज्याला रोल माहीत नाही, फक्त पेटीसमोरचा आकडा माहीत आहे, त्यानेच तो काढला आहे. कारखान्याची पत्रिका रोलवर असते. ती पाहून नफा लावला असता तर तोही रोलवरच लागला असता.

मुक्ताने एवढे मान्य केले की ब आणि क यांच्याकडे भाव यंत्र ठरवते. ते यंत्र अ-कडेच पाहते, हे मात्र अजून सिद्ध झालेले नाही.

6 जानेवारी 2025, सोमवार

कोण आधी हलतो हे दिवसातून एकदा पाहून कळणार नव्हते, म्हणून 30 डिसेंबर ते काल रविवारपर्यंत दर अर्ध्या तासाने वाचन केले. साइटवर भार पडू नये म्हणून चौदाऐवजी तीनच जिन्नस घेतले आणि आठवडा संपताच ते वाचन बंद केले.

अ त्या आठवड्यात दोनदा हलला, एकदा सकाळी 11 ते 11.30 दरम्यान आणि एकदा दुपारी 4.30 ते 5 दरम्यान. दुकान उघडे असण्याच्याच वेळा या. ब दोन्ही वेळी त्यानंतरच्या रात्री 2 ते 2.30 मध्ये हलला आणि क 3 ते 3.30 मध्ये. रात्री तीन वाजता बेळगावात कोणी टेपचा भाव ठरवत बसत नाही.

एक शंका तपासणे भाग होते. अ स्वतः तर ब किंवा क यांच्याकडे पाहत नाही ना? तसे असेल तर भाव एकमेकांना ढकलत राहतात. 2011 मध्ये अमेरिकेत ऑनलाइन पुस्तकविक्रीत हे घडले होते, आणि जीवशास्त्रज्ञ मायकेल आयझेन यांनी ते उघडकीस आणले. माशीच्या वाढीवरील एका जुन्या पुस्तकाचे दोन विक्रेते होते. एक रोज आपला भाव दुसऱ्याच्या 0.9983 पट ठेवत होता आणि दुसरा पहिल्याच्या सुमारे 1.27 पट. दोन्हींचा गुणाकार 1.268, म्हणजे प्रत्येक फेरीला भाव जवळजवळ 27 टक्क्यांनी वर, आणि अडवणारा माणूस कोणीच नाही. कोणाच्या लक्षात येईपर्यंत पुस्तक सुमारे 2 कोटी 37 लाख डॉलरला लागले होते.

आमच्याकडे तसे चक्र नाही. अ-चा प्रत्येक भाव 36 च्या पटीत आहे आणि दुकानाच्या वेळेत बदलतो. तो कोणाकडे पाहत असेलच तर डोळ्यांनी पाहतो.

18 जानेवारी 2025, शनिवार

काल दुपारच्या वाचनात अ-च्या पारदर्शक टेपची पेटी 216 रुपयांना आली. पुन्हा स्वल्पविरामाचा घोळ असेल म्हणून पान उघडले, तर साइटवर खरोखरच ₹216.00 होते. 2,016 मधले शून्य टाइप करताना निसटले होते. तासाभराने पाहिले तरी तेच होते.

मुक्ताला कळवले. ती म्हणाली, "काका, आता फक्त थांबा."

आज सकाळी सात वाजता हाताने स्क्रिप्ट चालवली. ब 225. क करासह 247.80, म्हणजे कर काढून 210. सूत्र काय सांगते ते कागदावर करून पाहिले. 216 गुणिले 1.02 म्हणजे 220.32, वरच्या पाचावर 225. 216 गुणिले 0.98 म्हणजे 211.68, खालच्या पाचावर 210. कारखान्याची भावपत्रिका, फिल्मचा भाव, डिझेल यांतले काहीही एका रात्रीत नव्वद टक्क्यांनी पडत नाही, आणि पडले तरी एका माणसाचे निसटलेले शून्य सोबत घेऊन पडत नाही.

अ-ने साडेदहाला चूक सुधारली. ब आणि क मात्र दिवसभर तसेच राहिले, कारण त्यांचे यंत्र आता रात्रीच जागे होणार.

चाळीस पेट्यांची मागणी क-च्या साइटवर टाकली असती तर सत्तर हजारांचा फरक पडला असता, हा विचार माझ्या मनात आला नाही असे लिहिणे खोटे होईल. वकील मित्राला सहज विचारले. त्याच्या मते दुकानात किंवा साइटवर मांडलेला भाव हे सौद्याचे निमंत्रण असते. मागणी आपण करतो आणि ती स्वीकारायची की नाही हे विकणाऱ्याच्या हाती असते, त्यामुळे क ती सरळ नाकारू शकला असता. शिवाय क-कडे माझी तीस दिवसांची उधारी चालते, आणि ती बेदाण्याच्या हंगामात सत्तर हजारांपेक्षा मोलाची आहे. मी फोन लावला.

"साइटवर पारदर्शकची पेटी दोनशे दहाला दिसतेय, बघा जरा."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तिथला तरुण म्हणाला, "थँक्यू शेठ, बंद करतो लगेच. ते भाव आम्ही टाकत नाही हो, आपोआप पडतात. सॉफ्टवेअरवाल्याने बसवून दिलंय."

"कुठून पडतात?"

"ते मला काही माहीत नाही."

मला वाटते तो खरे बोलत होता. पाच मिनिटांत पानावर "माल शिल्लक नाही" असे आले. ब-ला कळवण्यासाठी नंबर शोधला, पण तिथे फक्त तक्रारीचा अर्ज होता. तो भरला.

22 जानेवारी 2025

आता प्रश्न मागचा. आप्पांनी 2023 च्या दिवाळीपासूनची जुनी वही काढली आणि रात्री आठनंतर आम्ही दोघांनी सोमवारचे भाव संगणकात भरले. पहिल्या काही आठवड्यांत क-चे भाव 36 च्या पटीत आहेत आणि अ-पासून कधी 20, कधी 70 रुपये दूर आहेत. मार्चच्या दुसऱ्या सोमवारपासून पाचच्या पटीत आकडे सुरू होतात आणि सूत्र लागू पडू लागते, ते आजपर्यंत. ब-चे त्याआधीपासूनच तसे आहेत.

म्हणजे गेले दहा महिने आप्पा चार रकाने भरत होते, पण भाव दोनच होते. ब हा अ-चा भाव दोन टक्के वाढवून होता, क दोन टक्के कमी करून होता, आणि आम्ही दर सोमवारी तिघांत क निवडून घासाघीस जिंकल्यासारखे वाटून घेत होतो. अ-ने विनाकारण एक रुपया वाढवला असता तरी वहीत "तिघांनीही वाढवले, बाजार चढला" असेच दिसले असते. चौथा रकाना ड-चा, आणि तो पेटीच्या भावावरून आम्ही कधी धरलाच नव्हता.

हे गैर आहे का, असेही वकिलाला विचारले. तो म्हणाला की स्पर्धकांनी आपसात ठरवून भाव लावणे 2002 च्या स्पर्धा कायद्याने मना आहे, पण उघड दिसणारा भाव पाहून कोणी एकतर्फी आपला भाव लावला तर निव्वळ तेवढ्याने तो करार होत नाही. मीही चौघांचे उघड भाव यंत्राने वाचतोच आहे. तक्रार करण्यासारखे माझ्या हातात काही नाही, आणि खरे सांगायचे तर क-ने मला त्याच भावात चांगला मालही दिला आहे.

तक्त्यातून ब आणि क काढून टाकलेले नाहीत. त्यांच्यासमोर "अ वरून" असे लिहिले आहे, आणि बाजार चढला की उतरला हे ठरवताना स्क्रिप्ट आता फक्त अ आणि ड हेच दोन भाव मोजते.

13 फेब्रुवारी 2025, गुरुवार

हंगाम सुरू झाला. अ-ने काल सकाळी ब्राऊन टेपची पेटी एकदम 2,232 केली, म्हणजे रोलला 31 रुपये. आज ब 2,280 आणि क 2,185. सूत्र तंतोतंत. पेठेतल्या शेजारच्या दुकानदाराने सकाळी येऊन सांगितले की टेप भडकली, तिन्हीकडे विचारून झाले आहे, आणखी चढायच्या आत माल भरून घ्या.

ड अजून 2,196 वर आहे.

मीटरवर आणले तर क आज 52.1 पैशांनी पडतो आणि ड 48.0 पैशांनी. गेल्या वर्षीच्या वहीप्रमाणे मी आज क-कडून साठ पेट्या उचलल्या असत्या. त्याऐवजी ड-कडे साठ पेट्या सांगितल्या. तेवढ्याच मीटरला हिशेबाने साडेअकरा हजारांच्या आसपास फरक पडतो. अडचण एकच आहे. ड उधारी देत नाही आणि अर्धे पैसे आधी मागतो, त्यामुळे या फरकातून पैसे अडकण्याची किंमत वजा करावी लागेल. ती रक्कम अजून नीट मांडलेली नाही.

शेजाऱ्यालाही ड-चे नाव दिले. त्याने साइट पाहिली आणि पेटीचा भाव 11 रुपये जास्त आहे म्हणून क-कडेच माल सांगितला.

27 फेब्रुवारी 2025

ड-चा माल आला. पाच रोल वजन करून पाहिले, 64 मीटरच्या खाली एकही नाही. दोन पेट्यांचे कोपरे दबले होते, पण रोल ठीक आहेत.

क-च्या तरुणाचा फोन आला होता. "शेठ, या महिन्यात ऑर्डर नाही. भाव बघितला नाही काय? अ-पेक्षा कमीच आहे आमचा." त्याला सांगितले की तुमचा भाव अ-पेक्षा नेहमीच कमी असतो, पण सध्या अ-चाच जास्त आहे. त्याला माझे म्हणणे कळले की नाही, सांगता येत नाही. तो म्हणाला, "मालकांशी बोलून रोलला रुपया कमी करतो, साइटवर दिसणार नाही." रोलला एक रुपया म्हणजे पेटीला 72. या नोंदींतला त्याने सांगितलेला हा पहिला भाव, जो 36 च्या पटीने हलला. तरी मीटरला 50 पैशांच्या वरच पडतो, म्हणून थांबलो.

24 मार्च 2025, सोमवार

अ उतरून 2,160 वर आला आहे. ब 2,205 आणि क 2,115, सूत्राप्रमाणे.

ड आज 2,225.

72 ने भागले, रोलला 30.90 आले. अ-च्या भावाला 1.03 ने गुणले की 2,224.80, आणि वरच्या पाचावर 2,225. पान स्वतः उघडून पाहिले, आकडा बरोबर आहे. साइटची मांडणीही बदललेली आहे. एका दिवसाच्या एका आकड्यावरून नियम मांडता येत नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये ड-साठी काही लिहिलेले नाही. उरलेले तेरा जिन्नस उद्या अ-शी लावून पाहायचे आहेत.

आप्पांना ड-ला फोन लावायला सांगितले. पलीकडे नेहमीचेच गृहस्थ होते. त्यांनी ब्राऊन टेपचा भाव न अडखळता साडेतीस सांगितला. साइटवर 2,225 आहे असे आप्पा म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "ते नवीन काय काय बसवलंय पोरांनी. तुम्ही मला फोन करत जा."

वहीत आजपासून फोनचा रकाना पुन्हा आखला आहे. ड: रोलला 30.50, पेटी 2,196, आप्पांच्या अक्षरात.